झिरो सिक्वेन्स इम्पिडन्स: तीनने गुणायचं का, आणि डेल्टा उघडा राहिला तर काय दिसतं

नमस्कार मंडळी. ट्रान्सफॉर्मरच्या शॉर्ट सर्किट टेस्टचा व्हिडिओ टाकल्यापासून कमेंटमध्ये एकच मागणी आहे, झिरो सिक्वेन्स इम्पिडन्सवर बोला. साताऱ्याच्या एका दर्शकांनी तर स्वतःच्या रीडिंगचा फोटोच पाठवला आणि विचारलं, "सर, माझं उत्तर दीड टक्का येतंय, बरोबर आहे का?" बरोबर नाहीये. का नाही, ते आज या बोर्डवर बघू.

जोडणी पटकन सांगतो, कारण ती तुम्हाला माहीत आहे. ज्या बाजूला स्टार आहे आणि न्यूट्रल बाहेर काढलाय, तिथले तिन्ही लाइन टर्मिनल एकत्र बांधायचे. ती गाठ आणि न्यूट्रल यांच्यामध्ये ५० हर्ट्झचा सिंगल फेज सप्लाय वेरिएकमधून हळूहळू चढवायचा. व्होल्टेज आणि एकूण करंट वाचायचा. रेझिस्टन्सचा भाग वेगळा हवा असेल तर वॉटमीटर लावायचा. मग हे सूत्र:

```
Z0 = 3 × U / I   (ओहम, प्रति फेज)
```

आयईसी ६००७६ च्या पहिल्या भागात हेच सूत्र आहे. साताऱ्याच्या दर्शकांचा घोळ त्यातल्या तीनच्या आकड्यात झालाय. भोसरीत मी अनेक टेस्ट शीटवर हीच चूक पाहिली आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

पहिल्यांदा वायरकडे बघा. तुमचा मीटर एकूण करंट दाखवतो. गाठीपाशी तो तिन्ही वाइंडिंगमध्ये वाटला जातो, म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याला I भागिले ३. व्होल्टेज मात्र प्रत्येकीवर पूर्ण U आहे. एका फेजचा इम्पिडन्स म्हणजे U भागिले, I भागिले ३. तो तीन वर येतो, बस्स.

आता रिलेवाल्यांच्या नजरेने बघा. प्रोटेक्शनमध्ये काम करणारा कोणीही सांगेल की न्यूट्रलच्या सीटीत वाहतो तो झिरो सिक्वेन्स करंटच्या तिप्पट करंट. टेस्टमध्ये तुम्ही न्यूट्रलचाच करंट वाचताय. मग भागाकारात त्याचा तिसरा हिस्सा घ्यायला नको का?

आणि हेही नाही पटलं, तर आकड्यावरूनच ओळखा. ६३० केव्हीएचा डेल्टा-स्टार ट्रान्सफॉर्मर घेऊ, ११ केव्ही ते ४३३ व्होल्ट, नेमप्लेटवर इम्पिडन्स ४.५ टक्के. एलव्ही बाजूचा बेस इम्पिडन्स ०.४३३ चा वर्ग भागिले ०.६३, म्हणजे ०.२९८ ओहम. त्याचे ४.५ टक्के म्हणजे साधारण १३.४ मिलिओहम, हा पॉझिटिव्ह सिक्वेन्स. अशा डेल्टा-स्टार, तीन लिंबच्या ट्रान्सफॉर्मरला झिरो सिक्वेन्स याच्या थोडा खालीच येतो. आपण ९० टक्के धरू, म्हणजे १२ मिलिओहम, ४.०५ टक्के. तीनने गुणायचं राहिलं तर ४ मिलिओहम येतील, १.३५ टक्के. साताऱ्याचं दीड टक्का कुठून आलं, कळलं?

हा नुसता कागदावरचा फरक नाही. एलव्ही टर्मिनलवर एक फेज अर्थ झाला तर फॉल्ट करंट काढताना दोनदा पॉझिटिव्ह आणि एकदा झिरो सिक्वेन्स इम्पिडन्स मिळवून भागतो. सोर्सचा इम्पिडन्स सोडला तर खऱ्या आकड्याने सुमारे १९ किलोअँपिअर येतात, चुकलेल्या आकड्याने २४. त्या २४ वर कोणी रिलेचं सेटिंग केलं, तर रिले ज्या करंटची वाट बघत बसेल तो कधी येणारच नाही.

याच ट्रान्सफॉर्मरवर दुसरीही एक चूक होते. ३०० अँपिअर सोडले तर व्होल्टेज किती लागेल? ३०० गुणिले १२ मिलिओहम भागिले ३, म्हणजे जेमतेम १.२ व्होल्ट. आता ७० स्क्वेअर एमएमची तांब्याची केबल, पाच मीटर जायला, पाच यायला, तिचा रेझिस्टन्स सुमारे २.७ मिलिओहम. तिच्यातच ०.८ व्होल्ट पडतात. व्होल्टमीटर वेरिएकच्या टोकाला लावलात तर तुम्ही ट्रान्सफॉर्मरसोबत केबलही मोजताय. म्हणून व्होल्टेजच्या वेगळ्या बारीक तारा थेट बुशिंगच्या पामवर आणि न्यूट्रलच्या पामवर बांधा. करंटच्या क्लॅम्पवर नको, पामवर.

"मग एचव्हीची डेल्टा शॉर्ट करायची की उघडी ठेवायची?" हा प्रश्न दहा-बारा जणांनी विचारलाय. बाहेरची टर्मिनल शॉर्ट करायची गरज नाही. झिरो सिक्वेन्समध्ये डेल्टाच्या तिन्ही वाइंडिंगमध्ये एकाच दिशेचं व्होल्टेज तयार होतं आणि डेल्टा आतूनच बंद असल्यामुळे करंट आतल्या आत फिरतो. तिन्ही कोपरे एकाच पोटेन्शियलला राहतात, त्यामुळे बाहेरून शॉर्ट केलंत तरी रीडिंग बदलत नाही. मी एक कोपरा अर्थ करतो, तो तरंगू नये म्हणून, आणि बाकीचे मोकळे ठेवतो. डेल्टाच्या बाजूने मोजायला मात्र जाऊ नका. तिथे न्यूट्रलच नाही, करंटला परतायला वाट नाही.

(बोर्डवर तीन लिंबचा कोअर)

आता कोअरकडे या, मला खरं इथेच तुम्हाला न्यायचं होतं. नेहमीच्या थ्री फेज सप्लायवर एका लिंबात फ्लक्स वर जात असेल तर दुसऱ्या दोन लिंबांतून तो खाली येतो. तिन्हींची बेरीज शून्य, सगळा व्यवहार लोखंडातच मिटतो. झिरो सिक्वेन्समध्ये तिन्ही लिंबांत फ्लक्स एकाच वेळी वर जातो. वरच्या योकशी आल्यावर परतायला चौथा लिंब नाही. मग तो योकमधून बाहेर पडतो, तेलातून जातो, टाकीच्या पत्र्यातून खाली उतरतो आणि पुन्हा तेलातून खालच्या योकला मिळतो. तेलाचं ते अंतर चुंबकीय वाटेत मोठा अडथळा आहे, म्हणून डेल्टा नसलेल्या स्टार-स्टार ट्रान्सफॉर्मरला तीन लिंबवर झिरो सिक्वेन्स इम्पिडन्स पन्नासेक टक्क्यांच्या पातळीला येतो. चार-पाच टक्केही नाही आणि हजारोही नाही.

तोच ट्रान्सफॉर्मर पाच लिंबचा असेल, किंवा तीन वेगळ्या सिंगल फेज युनिटची बँक असेल, तर फ्लक्सला परतायला लोखंड मिळतं. मग तुम्ही मोजता तो जवळपास मॅग्नेटायझिंग इम्पिडन्स, हजारो टक्क्यांत, आणि व्होल्टेज वाढवत गेलात की कोअर सॅच्युरेट होऊन तो घसरतो. म्हणून डेल्टा नसताना लाइन ते न्यूट्रलच्या रेटेड व्होल्टेजच्या वर जायचं नाही. आणि डेल्टा असेल तर? तिच्यात फिरणारा करंट फ्लक्सला उभाच राहू देत नाही. पाच लिंब किंवा बँक असेल तर झिरो सिक्वेन्स पॉझिटिव्हइतकाच येतो, आणि तीन लिंबला टाकीही जणू आणखी एक डेल्टा होऊन मदत करते, म्हणून थोडा कमी. मघाचे ९० टक्के त्यातूनच आले.

टाकीचा पत्रा या वाटेत असल्यामुळे दोन पथ्यं पाळायची. डेल्टा नसलेल्या तीन लिंबच्या युनिटची टेस्ट ॲक्टिव्ह पार्ट बाहेर काढून करू नका, ते रीडिंग टाकीतल्या रीडिंगशी जुळवता येत नाही. आणि पत्रा तापतो, त्यात इम्पिडन्स करंटप्रमाणे बदलतोही. त्यामुळे चार वेगवेगळ्या करंटला झटपट रीडिंग घ्या आणि प्रत्येक आकड्यासोबत करंट लिहा. नुसतं "झेड-झिरो ५५ टक्के" असं शीटवर लिहिलेलं मला चालत नाही, कोणत्या करंटला ते सांगा.

आता एक प्रसंग. चाकणच्या बाजूला एका कारखान्यात मी साक्षीदार म्हणून टेस्टला गेलो होतो. १० एमव्हीए, ३३/११ केव्ही, स्टार-स्टार, तीन लिंब, आणि आत ३.३ केव्हीची स्टॅबिलायझिंग डेल्टा. त्या डेल्टाचा एक कोपरा दोन बुशिंगवर बाहेर काढलेला, बाहेर तांब्याच्या लिंकने बंद करून अर्थ करायचा. ११ केव्ही बाजूचा बेस इम्पिडन्स १२.१ ओहम. डिझाइनचा आकडा ९ टक्के, म्हणजे सुमारे १.०९ ओहम. हिशोबाने ५४ व्होल्टला १५० अँपिअर यायला हवे होते.

आले २५.

टेस्ट करणारा मुलगा म्हणाला, "सर, मीटर बिघडलाय." मीटर बदलला, सीटी बदलला, तरी २५. मग कागदावर केलं: तीन गुणिले ५४ भागिले २५, साडेसहा ओहमच्या आसपास, म्हणजे ५४ टक्के. हा आकडा बघितला की मला पहिली शंका डेल्टाची येते, कारण तीन लिंबवर डेल्टा नसताना हीच पातळी असते. वर चढून बघितलं तर सकाळी इन्सुलेशन रेझिस्टन्स घ्यायला लिंक काढलेली, ती तिथेच कव्हरवर पडलेली होती.

लिंक लावायच्या आधी मी त्यांना एक गोष्ट करून दाखवली. त्या दोन उघड्या बुशिंगमध्ये व्होल्टमीटर लावला. ५४ व्होल्ट म्हणजे ११ केव्हीच्या फेज व्होल्टेजच्या पाऊण टक्क्याहून थोडं जास्त. तेवढाच टक्का ३३०० चा घेतला तर एका वाइंडिंगला २८ व्होल्ट, आणि तिन्ही एका दिशेने म्हणून तिप्पट, ८४. मीटरवर ८० च्या आसपास दिसत होते. थोडे कमी, कारण सगळा फ्लक्स तिथवर पोचत नाही. डेल्टा बंद असती तर या ठिकाणी शून्य दिसलं असतं. हीच तपासणी तुम्ही करा, पण मीटर आधी बांधा, सप्लाय नंतर द्या, आणि चालू असताना त्या बुशिंगला हात लावू नका. करंट येत नाही म्हणून कोणी वेरिएक पुढे ढकलत १५० अँपिअरपर्यंत गेला असता, तर त्याच जागी पाचशेच्या आसपास व्होल्ट उभे राहिले असते.

लिंक घट्ट केली, पुन्हा चढवलं. ५२ व्होल्टला १५० अँपिअर, १.०४ ओहम, ८.६ टक्के. त्या शीटवर मी लिंकची स्थिती लिहायला एक वेगळी ओळ घालून घेतली: "स्टॅबिलायझिंग डेल्टा बंद, लिंक पाहिली."

झिगझॅगचा प्रश्न बार्शीहून आलाय, तो मी विसरलेलो नाही. तिथे एका लिंबावरच्या दोन अर्ध्या वाइंडिंग झिरो सिक्वेन्समध्ये एकमेकींना कापतात, त्यामुळे कोअरमध्ये फ्लक्स जवळपास उभाच राहत नाही आणि आकडा फार लहान येतो. म्हणजे आज सांगितलेली केबलची अडचण तिथे आणखी वाढते. त्याची टेस्ट पुढच्या व्हिडिओत प्रत्यक्ष युनिटवर करू.