वहिनींची फ्लॅटची वही

नमस्कार श्रोतेहो.

पुण्यात चार माणसं जेवायला बसली की ताटात श्रीखंड यायच्या आधी एक विषय येतोच. "बाणेरला काय रेट चाललाय?" मग कुणीतरी सांगतं, आम्ही बावनला घेतला होता, आता ऐंशीला मागतायत. मग सगळे मान डोलावतात. आजचं माझं बोलणं त्या मान डोलावण्याबद्दल आहे. राहतं घर सोडून, गुंतवणूक म्हणून घेतलेला दुसरा फ्लॅट. तो दिसतो तेवढा भरीव नसतो. राहत्या घराबद्दल मी काही म्हणत नाही, ते घ्यावं. आज फक्त दुसऱ्या फ्लॅटबद्दल.

आणि हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. आमच्या वहिनींच्या वहीतून सांगतोय.

माझा थोरला भाऊ 2016 साली नोकरीतून मोकळा झाला. हातात फंड होता, ग्रॅच्युइटी होती. दादा म्हणाला, "पैसे बँकेत कुजवायचे नाहीत." आणि त्या वर्षीच्या पाडव्याला त्याने खराडीत दोन बेडरूमचा फ्लॅट घेतला. पहिल्या मालकाकडून, तयार, कर्ज न काढता. किंमत 62 लाख. आम्ही सगळे बघायला गेलो होतो. पाचवा मजला, गॅलरीतून समोर आयटी पार्कच्या काचा चकाकतायत. दादा गॅलरीत उभा राहून म्हणाला, "बघ, हे सगळे आपले भाडेकरू."

वहिनींनी त्याच दिवशी एक दोनशे पानी वही काढली. वर लिहिलं, फ्लॅट. डाव्या पानाला आले, उजव्या पानाला गेले. त्या शाळेत गणित शिकवायच्या, त्यामुळे ताळा लागल्याशिवाय पान उलटायचं नाही.

उजवं पान आधी भरायला लागलं. स्टँप ड्यूटी तेव्हा सहा टक्के होती, आज पुण्यात पुरुषाच्या नावाने घेतलात तर सात आहे, बाईच्या नावाने सहा. नोंदणीचे तीस हजार. एजंटचा एक टक्का. सोसायटीची ट्रान्सफर फी पंचवीस हजार. मग भाडेकरूला लागतं म्हणून किचन ट्रॉल्या, कपाटं, पंखे, गीझर, खिडक्यांना ग्रिल, अडीच लाख. पहिल्या पानाखाली वहिनींनी रेघ मारली आणि बेरीज केली. एकोणसत्तर लाख चाळीस हजार.

हा आकडा लक्षात ठेवा. दादा सगळीकडे बासष्ट सांगायचा. वहीत साडेएकोणसत्तर होते.

भाडं ठरलं अठरा हजार. पण पहिला भाडेकरू मिळायला तीन महिने लागले. दादाला वाटलं होतं, रांग लागेल. रांग होती, पण पोरांची होती. कंपनीत नवीन लागलेली चार-चार पोरं मिळून यायची, भाडं द्यायला तयार. सोसायटी म्हणाली, बॅचलर नकोत, फॅमिलीच पाहिजे. आता हे मला कळत नाही हं श्रोतेहो. मी स्वतः सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर पाच वर्षं काढली, रात्री साडेदहानंतर नळ सोडला तरी काकू ओरडायच्या, आणि आज त्याच पिढीतली माणसं कमिटीवर बसून पोरांना गेटवरून परत पाठवतात. असो. मुद्दा असा, की त्या नियमाची किंमत मालक मोजतो. तीन महिने फ्लॅट रिकामा. आणि रिकाम्या फ्लॅटचा मेंटेनन्स थांबत नाही.

मग एक जोडपं आलं. चांगलं होतं. दीड वर्षाने नवऱ्याची बंगळुरूला बदली झाली. अकरा महिन्यांचा करार, एक महिन्याची नोटीस, गेले. भिंतीवर बाळाने काढलेली रेल्वे होती, थेट बेडरूमपर्यंत. रंग काढला, बत्तीस हजार. एजंटला पुन्हा एक महिन्याचं भाडं. पुन्हा महिनाभर रिकामा. नंतर आलेल्या भाडेकरूच्या वेळी बाथरूममधून खाली ओल उतरली, खालच्या काकांच्या छताला पोपडे आले. ते आमच्याच फरश्या उखडून दुरुस्त करावं लागलं.

आणि मग आलं 2020. आयटी पार्क बंद, लॅपटॉप घेऊन सगळे आपापल्या गावी. आमचे भाडेकरू नागपूरला गेले ते गेलेच, सामान न्यायला मे महिन्यात मेव्हणा आला. फ्लॅट सात महिने रिकामा. सात महिने. अख्खी सोसायटीच रिकामी, तर भाडेकरू आणायचा कुठून? प्रवासाला मोकळीक मिळाल्यावर वहिनी दर पंधरा दिवसांनी कोथरूडहून स्कूटरवर खराडीला जायच्या. कशाला? तर नळ सोडायला. बाथरूमच्या जाळीखालचं पाणी सुकलं की ड्रेनेजचा वास वर येतो आणि झुरळं येतात. एकदा गेल्या तर गॅलरीत कबुतराने गीझरच्या खोक्यात अंडी घातलेली. वहिनींनी त्या दिवशी वहीत डाव्या पानावर लिहिलं, "भाडेकरू: कबुतर. भाडं: शून्य."

तर असं करत करत साडेसात वर्षं गेली. नव्वद महिने. त्यातले पंधरा महिने फ्लॅट रिकामा होता. नव्वदातले पंधरा, म्हणजे सहातला एक.

2023 च्या दिवाळीत दादाने फ्लॅट विकला. पंच्याऐंशी लाखांना. पेढे वाटले. आणि वर म्हणाला, "सीएकडे जाऊन आलो, एक रुपया टॅक्स नाही!" मला म्हणाला, "बघ, तेवीस लाख सुटले आणि सरकारला शून्य."

मी म्हटलं, असं कसं? सरकार इतकं दिलदार कधीपासून झालं?

वहिनी आतून वही घेऊन आल्या. म्हणाल्या, "अहो, टॅक्स नाही कारण फायदाच नाही. सीएने तेच सांगितलं, तुम्ही अर्धंच ऐकलंत."

हे नीट ऐका, इथेच सगळी गोम आहे. आयकर खातं महागाईचा एक निर्देशांक काढतं. घर घेतलं त्या वर्षी तो 264 होता, विकलं त्या वर्षी 348. म्हणजे सरकारच्याच हिशोबाने 2016 चे शंभर रुपये म्हणजे 2023 चे जवळजवळ 132. दादाची खरेदी, स्टँप ड्यूटी वगैरे धरून, फर्निचर सोडून, होती सदुसष्ट लाखांच्या आसपास. महागाईने वाढवली की ती होते अठ्ठ्याऐंशी. आणि एजंटचा टक्का देऊन हातात आले चौऱ्याऐंशी. म्हणजे चार लाख तोटा. सरकारी कागदावर तोटा. म्हणून टॅक्स शून्य. आणि आमचा दादा त्याचे पेढे वाटत होता!

तो पेढा खाताना मला वहिनींच्या चेहऱ्याकडे बघवेना.

आता कुणी म्हणेल, भाडं आलं की मधल्या काळात. आलं ना. वहीत आहे. पंच्याहत्तर महिन्यांचं मिळून सव्वाचौदा लाख. आणि उजव्या पानावर मेंटेनन्स, मिळकतकर, एजंट, रंग, दुरुस्त्या मिळून साडेसहा लाख. उरले पावणेआठ. भाडं दिसायला महिन्याला अठरा-एकोणीस हजार, हातात पडलं सरासरी साडेआठ हजार. आणि त्यावरही आयकर असतो, तो वहिनींनी धरलेलाच नाही.

सगळं मिळून, साडेएकोणसत्तर लाख गुंतवून साडेसात वर्षांत हाती आले ब्याण्णव. वर्षाला चार टक्क्यांच्या आसपास. कर जाऊन पाच टक्के देणारी साधी ठेव असती तरी एक कोटीला टेकली असती. आणि ठेवीत कबुतर अंडी घालत नाही.

दोन खर्च लोकांना माहीतच नसतात, तेवढे सांगतो. पुणे महापालिका मालक स्वतः राहत असेल तर मिळकतकरात चाळीस टक्के सवलत देते. भाड्याने दिलं की ती सवलत गेली. आणि सोसायटी भाड्याने दिलेल्या फ्लॅटला नॉन ऑक्युपन्सी चार्ज लावते, सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंत, त्याच्या वर नाही. कुठे जास्त लावत असतील तर भांडा. मी भांडलोय.

आणि ज्यांना कर्ज काढून दुसरा फ्लॅट घ्यायचाय त्यांचं तर दादापेक्षा अवघड. पन्नास लाखांचं कर्ज, वीस वर्षं, साडेआठ टक्के: हप्ता त्रेचाळीस हजारांच्या पुढे. भाडं वीस हजार. उरलेले तेवीस हजार दर महिन्याला तुमच्या पगारातून. पूर्वी म्हणायचे, व्याजाची वजावट मिळते. पण भाड्यातून न भागणारं व्याज पगारातून वजा करायची सोय जुन्या करपद्धतीत वर्षाला दोन लाखांपर्यंतच आहे आणि नव्यात तीही नाही. शिवाय 23 जुलै 2024 नंतर घेतलेल्या घराला महागाईचा निर्देशांकच मिळत नाही, सरळ साडेबारा टक्के. म्हणजे दादासारखाच व्यवहार आजच्या नियमाने झाला असता, तर महागाईत तोटा होऊनही दोन लाखांहून जास्त कर भरावा लागला असता.

म्हणजे दुसरा फ्लॅट कधीच घेऊ नये का? मुलगी पुढे त्यात राहणार असेल, गाव सोडून आईवडील येणार असतील, तर घ्या, तो व्यवहार वेगळा आहे. पण भाडं खायला घेणार असाल तर हिशोब वहिनींसारखा करा. भाडं बाराऐवजी दहाच महिन्यांचं धरा. त्यातून वर्षाचा मेंटेनन्स आणि मिळकतकर वजा करा, आणखी एक महिन्याचं भाडं एजंट आणि रंगासाठी वजा करा. जे उरेल त्याला पाटीवरच्या किमतीने नव्हे, पहिल्या पानाच्या बेरजेने भागा. दादाच्या फ्लॅटला हा हिशोब लावला तर दीड टक्का येतो. तो आधी केला असता तर वहीची बाकीची पानं कोरी राहिली असती.

आणि फ्लॅट बघायला जाल तेव्हा दिवसा जाऊ नका. वहिनी गेल्या महिन्यात पुतण्याबरोबर वाघोलीला गेल्या, रात्री आठ वाजता. बिल्डरचा माणूस सँपल फ्लॅट दाखवायला बोलवत होता, ह्या खाली रस्त्यावर उभ्या राहून खिडक्या मोजत होत्या. दोन वर्षांपूर्वी ताबा दिलेल्या इमारतीत अठ्ठ्याऐंशी फ्लॅट, एकतीस अंधारात. पुतण्या म्हणाला, "काकू, लोक गावाला गेले असतील."

वहिनी म्हणाल्या, "मंगळवारी?"