अडत्या पट्टीवर लिहील असं नाव

(दृश्य: नागपूर, कळमना बाजार. पहाटेची वेळ. डाळिंबाचे क्रेट उतरत आहेत.)

लिलावात डाळिंबाचा ढीग फार वेळ थांबत नाही. खरेदीदार एक फळ हातात तोलतो, दुसरं फोडून दाणे बघतो, आकडा बोलतो आणि पुढच्या ढिगाकडे वळतो. या घाईत वाणाचं नाव तीन ठिकाणी लागतं. आधी अडत्याच्या तोंडी, मग विक्रीच्या हिशेबाच्या पट्टीवर, आणि नंतर खरेदीदार रायपूर किंवा छिंदवाड्याच्या दुकानदाराला फोन करतो तेव्हा. नव्या वाणाचं नाव या तिन्ही ठिकाणी तगलं पाहिजे. घरच्यांना ते किती आवडतं, याचा इथे काही उपयोग नाही.

(दृश्य: हातात फोडलेलं डाळिंब. गडद लाल दाणे.)

एक उदाहरण घेऊ. समजा, काटोल तालुक्यातल्या एका छोट्या बागायतदाराला भगवा या डाळिंबाच्या वाणाच्या बागेत एक वेगळं झाड सापडलं. साल जाड, दाणा भगव्याहून गडद. त्याने त्या झाडाच्या गुटी बांधून कलमं केली आणि कलमांनाही सलग बहारांत तशीच फळं आली. नाव देण्याची वेळ इथे येते, आधी नाही. डाळिंबाच्या बीपासून आलेलं रोप आईसारखंच निघेल याची खात्री नसते, म्हणून नाव फक्त कलमाने वाढवलेल्या झाडांनाच द्यायचं.

त्याच्या कागदावर सात नावं आहेत: सुपर भगवा, काटोल लाल, झळाळी, टपोरा, रुबाब, टिकली, ठिणगी.

(दृश्य: कागदावर नावं. पेन 'सुपर भगवा'वर येऊन थांबतं.)

सुपर भगवा आधी खोडायचं. 'फुले भगवा सुपर' हा राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा वाण बाजारात आहेच, आणि नावात 'भगवा' आला की खरेदीदार त्या दिवसाच्या भगव्याच्या भावाशीच तुलना करतो. शिवाय भगव्याचीच गत बघा. शेंदरी, अष्टगंधा, मस्तानी, जय महाराष्ट्र, अशा किती नावांनी तो विकला गेला. एकाच फळाची पाच नावं झाली की त्यातलं कुठलंच कुणाच्या मालकीचं राहत नाही.

काटोल लाल ऐकायला बरं वाटतं, पण तिथे तीन अडचणी आहेत. काटोल म्हटलं की व्यापाऱ्याच्या डोळ्यांपुढे संत्री येतात, आणि 'सोलापूर लाल' नावाचा वाण आधीच आहे. तिसरी अडचण कायद्याची. वाण संरक्षणाच्या २००१च्या कायद्यात गावाचं नाव असलेलं वाणनाव सहसा नोंदत नाहीत. ते प्रामाणिकपणे वापरलंय असं निबंधकाला पटलं, तरच सूट मिळते. नुसते आकडे असलेलं नावही चालत नाही, आणि जो गुण फळात नाही तो सांगणारं नावही नाही. आकड्यांचा मोह तसाही सोडावा. पुण्याच्या गणेशखिंड बागेत डॉ. चीमांनी १९३६मध्ये निवडलेला वाण जीबीजी-१ होता. १९७०मध्ये त्याचं 'गणेश' झालं आणि आज लोकांना तेवढंच ठाऊक आहे.

(दृश्य: लिलावाचा गलका. एक माणूस कानाला फोन लावून ओरडून बोलतोय.)

आता झळाळी. कळमन्यातला मोठा ग्राहक हिंदी बोलणारा आहे. हिंदीत 'ळ' नाही, त्यामुळे पहिल्याच फोनमध्ये झळाळीचं झलाली होतं, आणि समोरचा पुन्हा विचारतो, "कौन सा?" टपोरा मराठीत दाण्यांसाठी अगदी चपखल आहे. पण हिंदी मुलखात टपोरी म्हणजे गल्लीतला उनाड पोरगा. हसतील, लक्षातही ठेवतील, पण चढी बोली लागेल का, याची शंकाच आहे.

रुबाब मात्र या परीक्षेत पहिला येतो. छोटा ठेका, 'ळ' नाही, 'ण' नाही, हिंदीतही कळतो. पण तो नापास होतो पट्टीवर.

(दृश्य: पट्टीचं पान. हाताने लिहिलेली अक्षरं.)

पट्टी लिहिणारा पूर्ण नाव क्वचितच लिहितो. पहिलं अक्षर लिहून टिंब देतो. भगव्याला 'भ.', गणेशला 'ग.', आरक्त्याला 'आ.', मृदुलाला 'मृ.'. मग रुबाबचं होतं 'रु.', आणि त्याच्या पुढेच भावाचा आकडा असतो. वाचणाऱ्याला ते रुपयेच वाटतात. म्हणून पहिलं अक्षर असं हवं, जे त्या पट्टीवर दुसऱ्या कशासाठी वापरलेलं नाही.

उरली टिकली आणि ठिणगी. टिकली हिंदीतही सहज बोलली जाते, आणि टिकाऊ फळाला शोभेलही. पण 'टिकलीएवढं' म्हणजे अगदी लहान. फळ मोठं असेल तर हे नाव मराठी ग्राहकापुढे उगाच आडवं येतं. ठिणगीचं 'ठि.' पट्टीवर कुणाशी गोंधळत नाही. हिंदी भाषक 'ठिनगी' म्हणेल, फोनवर 'टिनगी'ही ऐकू येईल, तरी दुसऱ्या कुठल्या डाळिंबाशी घोळ होत नाही. फोडलेल्या फळाचा गडद लाल दाणा बघितला की नाव आपोआप जुळतं.

(दृश्य: फोनवर बोलणं चालू. समोर वही.)

तरीही आपल्याच निवडीवर भरवसा ठेवायचा नाही. लिलावाच्या वेळी, गलक्यात उभं राहून, नेहमीच्या दहा खरेदीदारांना फोन करायचे. नाव एकदाच आणि वाक्यातच सांगायचं: "ठिणगीचे वीस क्रेट आहेत." ऐकलं तसं लिहून पाठवायला सांगायचं. दुसऱ्या दिवशी आपण नाव न घेता विचारायचं, "काल कुठला माल सांगितला होता?" दहापैकी आठ जणांनी ठिणगी किंवा ठिनगी म्हटलं तर नाव चाललं. "तो नवीन लाल" असं उत्तर जास्त आलं, तर दुसरं नाव शोधायचं.

मग वाण प्राधिकरणाच्या नोंदीत आणि ट्रेडमार्कच्या ३१व्या वर्गात, म्हणजे ताज्या फळांच्या वर्गात, हे नाव आधीच कुणाचं नाही ना ते तपासायचं. इथे एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही: जे वाणाचं नाव म्हणून नोंदवलं, ते ट्रेडमार्क म्हणून नोंदवता येत नाही. परदेशात पिंक लेडी हे सफरचंदाचं व्यापारी नाव आहे आणि वाणाचं नाव क्रिप्स पिंक. लहान बागायतदाराने उलटी वाट धरलेली बरी. बाजारात ओरडलं जाणारं ठिणगी वाणाचं नाव करायचं आणि बागेच्या नावाचा ट्रेडमार्क घ्यायचा. शेतकऱ्याला वाण नोंदणीचं शुल्क नाही. पण वेळेची अट आहे. नवा वाण म्हणून नोंदवायचा असेल, तर देशात त्याची फळं किंवा रोपं विकायला लागल्यापासून वर्षाच्या आत अर्ज गेला पाहिजे. आधी दोन-तीन वर्षं बाजार बघू म्हणणाऱ्याचं नावीन्य तिथेच संपतं.

(दृश्य: क्रेटवर चिठ्ठी लागते आहे.)

पहिल्या हंगामात नाव मरतं ते बहुतेक अडत्याच्या टेबलावर. माल उतरताना तो विचारतो, "भाऊ, भगवाच लिहू ना?" हो म्हटलं की संपलं. खरेदीदाराच्या वहीत ठिणगी कधी जातच नाही. म्हणून गाडी पोचण्याआधीच अडत्याला सांगून वेगळा ढीग मागायचा, प्रत्येक क्रेटला दोन बाजूंनी मोठ्या अक्षरातली चिठ्ठी पारदर्शक टेपखाली लावायची, आणि पट्टी हातात आल्यावर भावाआधी नाव वाचायचं. 'भ.' दिसलं तर तिथल्या तिथे बदलून घ्यायचं.

तडकलेलं, तेल्या रोगाचे डाग पडलेलं किंवा बारीक फळ ठिणगीच्या क्रेटमध्ये टाकायचं नाही. ते बिननावाचं डाळिंब म्हणून वेगळं विकायचं, भाव पडला तरी. दुसऱ्यांदा क्रेट उघडणाऱ्याला पहिल्यासारखंच फळ मिळालं, तरच तो तिसऱ्यांदा नाव घेऊन मागतो. शेजाऱ्यांना कलमं देतानाही प्रत्येक कलमाला नावाची चिठ्ठी बांधून, कुणाला किती दिली ते लिहून ठेवायचं. नाहीतर चार वर्षांनी कळमन्यात तीन तऱ्हेची ठिणगी येईल, आणि त्यातली खरी कुठली हे अडत्याला सांगता येणार नाही.