अखेरची शिल्लक तीच, पण आठव्या आठवड्यात काय झालं?

मंडळी, कॅश फ्लो स्टेटमेंट म्हणजे होऊन गेलेल्या रोकडीचा हिशेब, आणि फोरकास्ट म्हणजे पुढे येणाऱ्या-जाणाऱ्या रोकडीचा अंदाज. या दोघांत फरक काय, हे सांगायला थेट एका उदाहरणावरच येतो. कार्यालयांसाठी टेबलं-कपाटं बनवणारा एक छोटा कारखाना डोळ्यांसमोर आणा. तिमाहीच्या सुरुवातीला त्याच्या बँकेत साडेतीन लाख आहेत. किरकोळ गिऱ्हाइकांकडून दर आठवड्याला साधारण १ लाख येतात आणि रोजच्या खरेदीत ५० हजार जातात. चौथ्या, आठव्या आणि बाराव्या आठवड्यात पगार, भाडं आणि कर्जाचा हप्ता मिळून २ लाख ३० हजार द्यावे लागतात. सातव्या आठवड्यात कराचे दीड लाख भरायचे आहेत. शिवाय एक मोठी ऑर्डर आहे. तिच्या कच्च्या मालाचे ३ लाख पुरवठादाराला तिसऱ्या आठवड्यात द्यायचे, त्याच आठवड्याच्या अखेरीस माल पोहोचवून ६ लाखांचं बिल लावायचं, मुदत ३० दिवसांची.

गिऱ्हाइकाने मुदत पाळली तर पैसे आठव्या आठवड्यात येतात. तेराव्या आठवड्याच्या अखेरीस शिल्लक राहते ४ लाख ६० हजार. आता समजा, त्याने ५२ दिवस लावले. पैसे अकराव्या आठवड्यात आले. तेराव्या आठवड्याच्या अखेरीस शिल्लक किती? तेच ४ लाख ६० हजार.

तिमाही संपल्यावर लेखापाल कॅश फ्लो स्टेटमेंट बनवेल, ते दोन्ही वेळा अगदी सारखं निघेल. नफा तोच, घसारा तोच, येणी-देणीतला फरक तोच, रोकड १ लाख १० हजारांनी वाढली हा निष्कर्षही तोच. पण पैसे उशिरा आले त्या वेळी आठव्या आठवड्याच्या अखेरीस खात्यात उणे १ लाख ६० हजार होते. म्हणजे पगार तरी थकला किंवा हप्ता तरी. याचा स्टेटमेंटमध्ये मागमूसही नाही, आणि त्यात स्टेटमेंटची काही चूकही नाही.

कारण स्टेटमेंटचं काम वेगळं आहे. आयएएस ७ या लेखामानकानुसार त्याचे तीन भाग पडतात: धंद्याच्या रोजच्या चलनवलनातून आलेली रोकड, यंत्रं-जागा यांच्या खरेदी-विक्रीतली रोकड, आणि भांडवल-कर्जाची रोकड. बहुतेक ठिकाणी पहिला भाग अप्रत्यक्ष पद्धतीने मांडतात. म्हणजे नफ्यापासून सुरुवात करायची, घसाऱ्यासारखे कागदावरचे खर्च त्यात परत जोडायचे, मग उधारी वाढली असेल तर तेवढी वजा करायची. नफा इतका झाला मग पैसा कुठे गेला, या प्रश्नाचं ते उत्तर असतं. ते दोन तारखांच्या शिलकेतला फरक समजावतं. त्या दोन तारखांच्या मध्ये खातं किती खाली गेलं होतं, हे त्याला कुणी विचारलेलंच नसतं.

फोरकास्टमध्ये नेमकं तेच विचारायचं असतं. म्हणून तो प्रत्यक्ष पद्धतीने करतात: कोणाकडून किती, कोणत्या आठवड्यात येणार, कोणाला किती, कोणत्या आठवड्यात जाणार. घसारा त्यात येतच नाही, कारण घसाऱ्याचा चेक कुणी फाडत नाही. उलट विक्रीवर गोळा करून पुढे भरायचा कर त्यात पूर्ण धरावा लागतो. तो तुमचा नसला तरी मधले काही आठवडे तुमच्याच खात्यात मुक्कामाला असतो, आणि अनेकांचं गणित तिथेच फसतं. १३ आठवड्यांचा तक्ता सर्रास वापरला जातो, कारण एक तिमाही म्हणजे तेवढेच आठवडे, आणि एवढ्या अंतरातली बहुतेक बिलं, पगार, हप्ते आधीच ठाऊक असतात.

आपल्या कारखान्याचा तक्ता असा चालतो. दुसऱ्या आठवड्याअखेर साडेचार लाख, तिसऱ्यात कच्च्या मालाचे पैसे गेल्यावर २ लाख, चौथ्यात पगारानंतर फक्त २० हजार. सहाव्यापर्यंत १ लाख २० हजार जमतात, सातव्यात कर भरला की पुन्हा २० हजार. आणि आठव्यात पगार आला की, मोठ्या गिऱ्हाइकाचे पैसे नसतील तर, उणे १ लाख ६० हजार. या तक्त्यात मी सगळ्यात आधी बघतो तो सर्वात खोल आठवडा. शेवटचा आकडा नंतर बघितला तरी चालतो.

आता कळीचा प्रश्न: ६ लाख कोणत्या आठवड्यात लिहायचे? बिलावर ३० दिवस आहे म्हणून आठव्यात लिहिले, तर तक्ता सुंदर दिसतो आणि निरुपयोगी ठरतो. इथेच जुना हिशेब कामी येतो, पण जुनं स्टेटमेंट नव्हे. गेल्या वर्षाचे आकडे घेऊन त्यात १० टक्के वाढवणं म्हणजे फोरकास्ट नाही, त्यातून तारीख निघत नाही. विक्रीची बिलं आणि बँकेचा उतारा शेजारी ठेवा आणि प्रत्येक मोठ्या गिऱ्हाइकाने बिलाच्या तारखेपासून किती दिवसांनी पैसे दिले, ते मोजा. सगळ्यांची मिळून सरासरी काढू नका. वीस दिवसांत देणारे दहा छोटे आणि ५२ दिवस लावणारा एक मोठा, यांची सरासरी कुणाचंच वागणं सांगत नाही.

५२ दिवस धरले तर आठव्या आठवड्यातला खड्डा दुसऱ्या आठवड्यातच कागदावर दिसतो, हातात सहा आठवडे असतात. पुरवठादाराला अर्धे पैसे, दीड लाख, बाराव्या आठवड्यात चालतील का, हे तेव्हा विचारता येतं. तो हो म्हणाला तरी आठवा आठवडा उणे १० हजारांवरच राहतो, म्हणजे तेवढ्याने भागत नाही. सोबत मोठ्या गिऱ्हाइकाकडून चौथा हिस्सा, म्हणजे दीड लाख, आगाऊ मिळाले तर आठव्या आठवड्याअखेर १ लाख ४० हजार हातात उरतात. हे दोन्ही केलं तरी तेराव्या आठवड्याअखेरची शिल्लक तीच, ४ लाख ६० हजार. नवा पैसा कुठून आला नाही, फक्त तारखा हलल्या. बँकेकडे ओव्हरड्राफ्ट मागायचा तरी तो सहा आठवडे आधी मागितलेला बरा. पगाराच्या आदल्या दिवशी मागणाऱ्याकडे बँक वेगळ्या नजरेने बघते.

आठवड्याच्या तक्त्यालाही मर्यादा आहे. काहीच बदललं नाही असं धरून चौथा आठवडा पुन्हा बघा. अखेरीस २० हजार शिल्लक दिसते, पण पगार-हप्ता सोमवारी गेला आणि गिऱ्हाइकांचे पैसे शुक्रवारपर्यंत टप्प्याटप्प्याने आले, तर सोमवारी खातं उणे ३० हजारांवर असतं. म्हणून ज्या आठवड्यात शिल्लक काठावर येते, तेवढाच आठवडा दिवसांत फोडून बघायचा. सगळे १३ आठवडे दिवसवार करण्याच्या भानगडीत पडू नका, चौथ्या आठवड्यापर्यंत तो तक्ता कुणी भरत नाही.

स्टेटमेंट बँकेशी जुळलं की प्रश्न मिटतो. फोरकास्ट कधीच तंतोतंत जुळत नाही. म्हणून दर आठवड्याला प्रत्यक्ष आकडा त्याच्या शेजारी लिहायचा, संपलेला आठवडा वगळायचा आणि पुढे एक नवा जोडायचा. फरक दिसला की एकच विचारायचं: हे पैसे उशिरा येणार आहेत की येणारच नाहीत? उशिरा येणारे पुढच्या रकान्यात सरकवायचे. न येणारे खोडायचे आणि तिथून पुढची प्रत्येक शिल्लक नव्याने मोजायची. एकाच गिऱ्हाइकाचा आकडा सलग तीनदा पुढे सरकवावा लागला, तर तो कोणत्या प्रकारात बसतो, हे गिऱ्हाइकाला फोन करूनच ठरवा.