टायमरवरचे बारा

[दृश्य: हिवाळ्यातली संध्याकाळ. यवतमाळ जिल्ह्यातलं एक वावर, हरभरा कमरेखाली. विहिरीजवळ पत्र्याची पेटी, आत स्टार्टर, ऑटो स्विच आणि एक छोटा डिजिटल टायमर.]

निवेदन:
रब्बीच्या ओलिताची ही पेटी. टायमर स्वतः मोटर ओढत नाही. तो फक्त स्टार्टरला परवानगी देतो. टायमरच्या स्क्रीनवर ON असेल आणि थ्री फेज लाइन असेल, तर ऑटो स्विच मोटर सुरू करतो. दोन्हींपैकी एक जरी नसलं, तरी मोटर गप्प.

उदाहरण म्हणून असं धरू, की या फीडरवर सध्या रात्रपाळी आहे आणि लाइन रात्री दहाला येऊन सकाळी सहाला जाते. विहिरीत पाणी आहे साधारण चार तास उपसण्याइतकं. दहा वाजता लाइन आली की आजूबाजूच्या सगळ्याच मोटरी एकदम सुरू होतात आणि व्होल्टेज पडतं. म्हणून शेतकऱ्यानं ठरवलं की आपली मोटर रात्री बाराला सुरू व्हावी आणि पहाटे चारला बंद. टायमरवर रोजचा कार्यक्रम लावला.

[स्क्रीनचा जवळून शॉट: ON 12:00 PM, OFF 4:00 AM]

शेतकऱ्याचा आवाज:
"रात्रीचे बारा लावले ना भाऊ. रात्र म्हणजे पीएम. दहा पीएम, अकरा पीएम, मग बारा बी पीएमच."

निवेदन:
ऐकायला हे बरोबर वाटतं. अकरापर्यंत ते बरोबरही आहे. पण टायमरच्या हिशोबात 12:00 PM म्हणजे भर दुपारचे बारा.

आता काय होतं ते पाहा. दुपारी बाराला टायमर ON होतो. त्या वेळी थ्री फेज नाही, म्हणून काहीच घडत नाही आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. परवानगी मात्र दुपारपासून देऊन ठेवलेली असते. रात्री दहाला लाइन येते आणि मोटर त्याच क्षणी सुरू होते. चार तासांत, म्हणजे दोन वाजता, विहिरीचा तळ दिसू लागतो. टायमर तर बंद होणार चारला. मधले दोन तास मोटर जवळजवळ कोरडी फिरते. पंपाला थंड ठेवणारं आणि सीलला वंगण देणारं पाणीच नसतं. आधी सील जातं, मग बुश झिजतात, आणि ड्राय रन संरक्षण नसेल तर वाइंडिंगही जळू शकतं.

गंमत अशी की चूक बाराच्या आकड्यात आहे, पण ती दिसते दहा वाजता. म्हणून दोष टायमरवर जातो. "लाइन आली का सुरूच हून जाते, टायमर खराब आहे," असं म्हणून टायमर बदलला जातो. नव्या टायमरवर पुन्हा तेच 12:00 PM.

[दृश्य: पेटीतल्या टायमरच्या स्क्रीनवर 11:58 AM, 11:59 AM, मग 12:00 PM.]

निवेदन:
एएम आणि पीएम ही लॅटिन शब्दांची आद्याक्षरं. एएम म्हणजे मध्यान्हाच्या आधी, पीएम म्हणजे मध्यान्हानंतर. अडचण इथेच आहे. बरोबर दुपारचे बारा हा क्षण मध्यान्हाच्या आधीही नाही आणि नंतरही नाही, तो स्वतःच मध्यान्ह आहे. आणि मध्यरात्र? ती गेलेल्या मध्यान्हानंतर बारा तासांनी येते आणि पुढच्या मध्यान्हाच्या बारा तास आधी असते. म्हणजे तिला दोन्ही अक्षरं सारखीच लागू पडतात. नुसत्या अर्थावरून पाहिलं तर या दोन क्षणांचा निकाल लागत नाही.

तो लागतो पुढच्या मिनिटावर. दुपारी बारा वाजून एक मिनिट ही वेळ नक्कीच मध्यान्हानंतरची आहे, तिथे पीएमबद्दल वाद नाही. मग 12:00 ला एक अक्षर आणि 12:01 ला दुसरं, असं घड्याळ कशाला करेल? बारा ते एक हा पूर्ण तास एकाच अक्षराखाली ठेवणं सोयीचं. म्हणून दुपारचे बारा पीएम आणि रात्रीचे बारा एएम, हा संकेत डिजिटल घड्याळांनी पक्का केला.

तरीही मन मानत नाही, कारण आकड्यांचा क्रम फसवतो. अकरानंतर बारा येतात, म्हणून बारा हा त्याच फेरीचा शेवटचा तास वाटतो. घड्याळाच्या हिशोबात तो नव्या फेरीचा पहिला तास आहे. क्रम असा चालतो: बारा, एक, दोन, तीन आणि शेवटी अकरा. इथला बारा शून्याचं काम करतो. टायमरवर 12:30 AM दिसलं, तर ते शून्य तास तीस मिनिटं असं वाचायचं, म्हणजे मध्यरात्रीनंतरचा अर्धा तास.

[दृश्य: वावरात उभी रोवलेली काठी आणि तिची सावली.]

निवेदन:
सूर्य डोक्यावर आला की बारा, हा हिशोबही टायमरला चालत नाही. आपली घड्याळं 82.5 अंश पूर्व रेखांशावर लावलेली आहेत. यवतमाळ त्याच्या पश्चिमेला, 78 अंशांच्या जरा पुढे. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे इथे सूर्य सरासरीनं सतरा-अठरा मिनिटं उशिरा माथ्यावर येतो. वर्षभर हा फरकही सारखा राहत नाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीला या काठीची सावली बाराच्या सुमारासच सर्वांत आखूड होते, तर फेब्रुवारीच्या मध्याला त्यासाठी साडेबारा वाजावे लागतात. नावात मध्यान्ह असलं, तरी एएमचं पीएम होतं ते घड्याळावरून, सूर्यावरून नाही.

आणि हा गोंधळ फक्त वावरातला नाही. अमेरिकी सरकारच्या छपाई कार्यालयाची लेखनाची नियमपुस्तिका 2008 च्या आवृत्तीआधी दुपारच्या बाराला एएम आणि मध्यरात्रीला पीएम म्हणत होती, म्हणजे आपल्या टायमरच्या अगदी उलट. या शेतकऱ्याचं गणित त्या पुस्तिकेत बरोबर ठरलं असतं.

[दृश्य: अंधार पडलेला. टॉर्चच्या उजेडात टायमर. बोट वाराच्या बटणावर: SU, MO.]

निवेदन:
एएम-पीएम नीट लागलं, तरी एक दुसरी चूक उरते, आणि तीही मध्यरात्रीचीच. ती वाराची.

समजा फक्त रविवारी रात्री पाणी द्यायचं आहे. टायमरवर वार निवडला SU, आणि वेळ लावली ON 12:00 AM, OFF 4:00 AM. अक्षरं बरोबर. रविवारी रात्री मात्र मोटर सुरूच होत नाही.

आपल्या बोलण्यात रविवारची रात्र सोमवारी उजाडेपर्यंत चालते. पंचांगाचा वारही सूर्योदयाला बदलतो, त्यामुळे हे बोलणं चुकीचं मुळीच नाही. पण टायमरचा वार बदलतो रात्री बाराला. त्याच्यासाठी SU 12:00 AM म्हणजे रविवारची सुरुवात, जिला आपण शनिवारची रात्र म्हणतो. ती वेळ आदल्या रात्रीच होऊन गेली. आपल्याला हवे असलेले बारा टायमरच्या भाषेत MO 12:00 AM आहेत, आणि पहाटेचे चार MO 4:00 AM.

या दोन चुका वेगळ्या ओळखता येतात. अक्षर चुकलं की वेळ बारा तासांनी सरकते. मग रात्रपाळीत मोटर लाइन आल्याबरोबर सुरू होते. दिवसपाळीतही तसंच: दुपारी बारा ते चार हवं असताना ON ला 12:00 AM लागलं, तर परवानगी मध्यरात्रीपासूनच मिळते आणि सकाळी लाइन येताच मोटर फिरू लागते. वार चुकला की वेळ चोवीस तासांनी सरकते. मग मोटर ठरल्या रात्री अजिबात सुरू होत नाही, किंवा आदल्या रात्री पाणी देऊन मोकळी होते. म्हणून पेटी उघडून वायरी हलवण्याआधी एवढंच आठवायचं: मोटर लवकर सुरू झाली, की झालीच नाही?

[दृश्य: एका हातात मोबाइल, समोर टायमर.]

निवेदन:
टायमर लावताना खात्री करायचे दोन उपाय आहेत. पहिला मोबाइलचा. अलार्म 12:00 AM ला लावा. बहुतेक फोन अलार्म लावताच तो किती वेळानं वाजेल ते दाखवतात. संध्याकाळी सात वाजता पाच तास दिसले, तर ते रात्रीचे बारा. सतरा तास दिसले, तर ते उद्या दुपारचे. जे अक्षर फोनवर बरोबर निघालं, तेच टायमरवर लावायचं.

दुसरा उपाय टायमरच्याच बटणाचा. कार्यक्रम लावताना तासाचं बटण दाबत 12 वर या आणि आणखी एकदा दाबा. पुढे 1:00 AM आलं, तर आधीचा बारा रात्रीचा होता. 1:00 PM आलं, तर दुपारचा. आपल्याला रात्रीचा एक एएम आहे हे पाठ असतं, गोंधळ फक्त बाराचा असतो. म्हणून एकाच्या आधारानं बारा तपासायचा आणि मग परत 12 वर यायचं. हे करण्याआधी स्क्रीनवरची चालू वेळही पाहून घ्या. तिथेच संध्याकाळच्या सातला 7:00 AM दिसत असेल, तर पुढचा सगळा कार्यक्रम बारा तास उलटा चालणार, मग ON कितीही बरोबर लावा.

टायमरमध्ये चोवीस तासांची सोय असेल, तर ती सुरू करणं सगळ्यात बरं. तिथे दुपारचे बारा 12:00 आणि रात्रीचे बारा 0:00, अक्षरांची भानगडच नाही. रेल्वेचं वेळापत्रक याच पद्धतीनं छापलं जातं. पण लक्षात घ्या, यानं अक्षराची चूक मिटते, वाराची मिटत नाही. 0:00 सुद्धा नव्या वाराचंच असतं. रविवारी मध्यरात्रीनंतरच्या गाडीचं तिकीट काढताना रविवारचीच तारीख टाकली, की चोवीस तासांच्या वेळापत्रकातही गाडी एक दिवस आधी निघून गेलेली असते.

[दृश्य: डीपीजवळच्या खांबावर हातानं लिहिलेला कागद: "सोमवारी रात्री 12 पासून लाइन बंद."]

निवेदन:
हा कागद वाचून निम्मे लोक रविवारची रात्र धरतील, निम्मे सोमवारची. टायमरला निदान एक ठरलेला अर्थ असतो, कागदाला तोही नाही. इथे वेळ एका मिनिटानं सरकवायची आणि वार त्या मिनिटाचा लिहायचा: "सोमवारी रात्री 11:59 पासून लाइन बंद, मंगळवारी सकाळी 6 ला चालू." सुरुवातीचा आणि शेवटचा असे दोन्ही वार लिहिले, की मधली रात्र कोणती हे विचारायला कुणाला वायरमनच्या घरी जावं लागत नाही.