चिठ्ठीवरचं ‘झोपताना’ आणि ‘लागली तर’

(नाशिकच्या इंदिरानगरमध्ये ज्येष्ठ नागरिकांच्या मासिक बैठकीत एका निवृत्त औषधविक्रेत्या बाईंनी दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून.)

नमस्कार मंडळी. फळ्यावर मी एका चिठ्ठीतली एक ओळ उतरवली आहे. मागच्या रांगेतल्यांना दिसणार नाही, म्हणून वाचून दाखवते: ‘टॅब. झोल्पिडेम 5 एम.जी., एक, एच.एस., एस.ओ.एस., दहा गोळ्या.’ झोल्पिडेम म्हणजे झोपेची गोळी. एकतीस वर्षं काउंटरमागे उभी राहून अशा ओळी मी रोज वाचल्या. आज या एकाच ओळीबद्दल बोलणार आहे, कारण तिच्यातली दोन संक्षिप्त अक्षरं नीट न कळल्यामुळे पडलेली, हात मोडून घेतलेली माणसं मी पाहिली आहेत.

एच.एस. हे लॅटिन आहे, ‘होरा सोम्नी’, म्हणजे झोपेच्या वेळी. एस.ओ.एस. हेही लॅटिन, ‘सी ओपुस सित’, म्हणजे गरज असेल तर. बुडत्या जहाजाचा जो एस.ओ.एस. आपण सिनेमात ऐकतो, त्याचा याच्याशी काही संबंध नाही. तरी एक आजोबा मला म्हणाले होते, ‘ताई, इमर्जन्सी आली तरच घ्यायची ना?’ मग इमर्जन्सी कधी? तर रात्रभर कुस बदलून, अगदी असह्य झाल्यावर, पहाटे अडीच-तीनला. घोटाळा होतो तो नेमका इथे.

हे आजोबा एकाहत्तर वर्षांचे. पंचवटीत राहायचे, वर्षानुवर्षं साडेचारला उठून रामकुंडाकडे फिरायला जायचे. एकदा ओझरला लग्नाला गेले, रात्री अकराला घरी आले, भरपेट जेवण झालेलं. साडेअकराला आडवे झाले, झोप येईना. बारा वाजले, एक वाजला. चिठ्ठीवर ‘गरज असेल तर’ लिहिलंय, म्हणून ते थांबले. बघू, लागेल डोळा. पावणेतीनला शेवटी गोळी घेतली. साडेचारला नेहमीचा गजर वाजला आणि अंगवळणी पडलेलं म्हणून उठले. बाथरूमच्या उंबऱ्यावर पाय अडखळला, उजवं मनगट मोडलं.

त्यांनी निष्काळजीपणा केला असं कुणी म्हणू नये. त्यांनी एस.ओ.एस. तंतोतंत पाळलं, राहून गेलं ते एच.एस. ही गोळी साधारण अर्ध्या तासात गुंगी आणते, आणि रिकाम्या पोटी घेतली तर दीड-दोन तासांनी तिचं रक्तातलं प्रमाण सगळ्यांत जास्त असतं. भरल्या पोटी हेच आणखी उशिरा होतं. म्हणजे आजोबा उठले तेव्हा गोळीचा भर उतरायला लागलेला नव्हता, तो ऐन चढावर होता. वय झालं की शरीर औषध हळू बाहेर टाकतं, तोलही पूर्वीसारखा राहत नाही. म्हणून तर त्यांना 5 एम.जी. दिली होती, 10 नाही.

ही गोळी घेतल्यावर सात ते आठ तास अंथरुणात काढता आले पाहिजेत, आणि ती एका रात्रीत एकदाच घ्यायची असते. आता हे आजोबांच्या घड्याळात बसवून बघा. उठायचं साडेचारला. त्यातून सात तास वजा केले की रात्रीचे साडेनऊ. साडेनऊनंतर त्या रात्रीपुरता गोळीचा दरवाजा बंद. पावणेतीनला गरज कितीही वाटली तरी. ‘गरज असेल तर’ ही परवानगी आहे, पण तिला वेळेची कड आहे आणि ती कड चिठ्ठीवर लिहिलेली नसते. आपली उठायची वेळ आपल्यालाच माहीत असते, डॉक्टरांना ती कोण सांगणार?

आजोबा प्लास्टरमध्ये हात घेऊन डॉक्टरांकडे पुन्हा गेले आणि या वेळी सगळा दिनक्रम सांगितला. डॉक्टरांनी त्याच कागदावर मराठीत लिहून दिलं: ‘साडेनऊला झोपायला जा. अर्ध्या तासात झोप नाही आली तर एक गोळी, दहाच्या आत. दहानंतर नाही. आठवड्यात तीनपेक्षा जास्त नाही. गोळी घेतली त्या दिवशी साडेपाचच्या आधी उठू नका.’ बघा, पाच छोटी वाक्यं. लॅटिन दोन अक्षरांत जे मावलं नव्हतं ते इथे आलं: कधी ठरवायचं, कधीनंतर थांबायचं, किती वेळा. हे सगळ्यांसाठीचं प्रमाण नाही बरं का. औषध बदललं, माणूस बदलला, की आकडे बदलतात. काही डॉक्टर सांगतात, वाट बघू नका, आडवं होतानाच ठरवा. तुमच्यासाठी काय, ते विचारून लिहून घ्या.

आता एच.एस. एकटं असेल, पुढे एस.ओ.एस. नसेल, तर? तर ती गोळी रोजची. गोळी झोपताना घ्यायची, एवढ्यावरून ती झोपेची गोळी ठरत नाही. याचं एक उदाहरण देते, कारण यात फार लोक फसतात. अमिट्रिप्टिलिन 10 एम.जी. हे औषध पायातल्या नसांच्या आगीसाठी किंवा अर्धशिशी वारंवार होऊ नये म्हणून देतात. त्याने गुंगी येते, म्हणून झोपताना. एक मावशी आल्या, ‘मला तर छान झोप लागते हो, मी कशाला घेऊ?’ असं म्हणत आठवड्यातून दोनदा घेत होत्या. पायाची आग काही कमी होईना. ते औषध रोज घेतल्यावर काही आठवड्यांनी गुण देतं, अधूनमधून घेऊन त्याचा उपयोग नाही. आणि एखाद्या रात्री विसरलात, तर सकाळी ती घेऊ नका, दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका. सरळ पुढच्या रात्रीची एक.

एच.एस. म्हणजे ‘हाफ’ असं समजून गोळी मोडणारेही भेटले. इंग्रजी वाचणाऱ्यांचाही हा गोंधळ होतो, इतका की परदेशात औषधांच्या चुकांवर काम करणारे लोक हे संक्षिप्त रूप वापरूच नका असं डॉक्टरांना सांगतात. मोडल्याने दर वेळी फक्त मात्रा कमी होते असंही नाही. काही गोळ्या औषध हळूहळू सोडण्यासाठी बनवलेल्या असतात. त्या मोडल्या की रात्रभर पुरायचं ते एकदम बाहेर पडतं. अशा गोळीच्या नावापुढे सहसा सी.आर., एस.आर., ई.आर. असं काहीतरी असतं. दिसलं की हात लावण्याआधी विचारा.

‘झोपताना’ आणि ‘रात्री’ हेही एक नव्हेत, आणि नाशिकमध्ये हे फार जपून बघावं लागतं. आपल्याकडे सातपूर-अंबडला तिन्ही पाळ्या चालतात. एका मुलाच्या चिठ्ठीवर शून्य-शून्य-एक असं लिहिलेलं, म्हणजे सकाळ नाही, दुपार नाही, रात्री एक. तो रात्रपाळीला होता. नऊला जेवून गोळी घ्यायचा आणि सिडकोहून मोटरसायकलवर अंबडला, प्रेस मशीनवर. सुदैवाने तो माझ्याकडे जांभया देत आला आणि मी विचारलं, ‘झोपतोस कधी?’ तर म्हणाला, सकाळी आठला. डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी वेळ बदलून दिली. निफाडकडच्या शेतकऱ्यांचं असंच. ज्या आठवड्यात रात्रीची लाइट, त्या आठवड्यात एक-दोनला उठून मोटर चालू करायला विहिरीवर जायचं. त्या रात्री झोपेची गोळी घेणं म्हणजे अंधारात, पाण्याच्या कडेला, अर्धवट गुंगीत चालणं. हे डॉक्टरांना आधी सांगायलाच हवं.

एक धोका दोन चिठ्ठ्यांमधून येतो. झोपेची गोळी एका डॉक्टरांची. गुडघ्यासाठी दुसऱ्यांनी ट्रॅमाडॉल दिलेलं, तिथेही एस.ओ.एस. घरात सर्दीची गोळी पडलेली, तिच्यात क्लोरफेनिरामिन. तिन्ही गुंगी आणतात. एका रात्री सर्दी, गुडघा आणि जागरण, तिन्हींची ‘गरज’ जमून येते, आणि प्रत्येक चिठ्ठी आपापल्या जागी बरोबर असूनही पोटात तीन गुंग्या एकत्र होतात. दारू असेल तर चौथी. अशा वेळी माणूस हलवूनही नीट जागा होत नसेल, बोलणं अडखळत असेल, श्वास संथ वाटत असेल, तर ‘झोपू दे, दमलाय’ म्हणू नका. 108 ला फोन करा आणि घरातली सगळी पाकिटं सोबत न्या.

दहा गोळ्या का लिहिल्या, हेही त्या ओळीत आहे. झोल्पिडेम आणि घबराटीवर देतात ते अल्प्राझोलाम ही औषधं 2014 पासून सरकारच्या औषध नियमांतल्या एच-वन या अनुसूचीत आहेत. दुकानदाराला चिठ्ठी लिहिणारे डॉक्टर, रुग्ण, औषध आणि संख्या वहीत लिहून ती तीन वर्षं जपावी लागते. तेव्हा ‘ताई, ओळखता ना मला, एक पाकीट द्या’ याला मी नाही म्हणायची, त्यात राग नसायचा. मला आकडा बोलका वाटायचा. आठवड्यात तीन या हिशेबाने दहा गोळ्या तीन आठवड्यांहून जास्त पुरल्या पाहिजेत. दहा दिवसांत संपल्या, तर ‘लागली तर’चं ‘रोज’ कधी झालं, हे घरच्यांनाही कळलेलं नसतं. अशा वेळी स्वतःच्या मनाने एकदम बंदही करू नका. बरेच दिवस रोज घेतलेली गोळी अचानक थांबवली की झोप पूर्वीपेक्षाही उडते, हातपाय थरथरू शकतात, क्वचित झटकेही येतात. उरलेलं पाकीट घेऊन डॉक्टरांकडे जा, ते मात्रा हळूहळू उतरवून देतील.

(श्रोत्यांतल्या एका आजींनी विचारलं: गोळी घेऊन झोपले आणि दोनला लघवीला जाग आली, मग परत झोप येत नाही. तेव्हा दुसरी घेऊ का?)

नाही आजी. रात्रीची एक म्हणजे एकच. आणि उठताना एकदम उठू नका. आधी दिवा लावा, पलंगाच्या कडेला दोन मिनिटं पाय सोडून बसा, भिंतीला हात लावून जा. रोज दोनलाच जाग येत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. लघवी वाढवणारी प्रेशरची गोळी तुम्ही संध्याकाळी घेत असाल, तर ते तिची वेळ सकाळी आणू शकतील. तुमची चिठ्ठी आहे ना पिशवीत? द्या इकडे, आपण आत्ताच बघू.