रेणू वाकतो तेव्हा

श्रोते हो, नमस्कार.

हवेतले १०,००० रेणू मोजले, तर त्यांत कार्बन डायऑक्साइडचे जेमतेम ४ सापडतात. बाकीचे जवळजवळ सगळे नायट्रोजन आणि ऑक्सिजनचे असतात. जमीन तापली की ती अवरक्त किरण, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे उष्णतेचे किरण, वर पाठवते. ते किरण नायट्रोजन-ऑक्सिजनच्या एवढ्या मोठ्या गर्दीतून बिनदिक्कत निघून जातात आणि नेमके या चौघांपाशी अडतात. असे का होते, याचे उत्तर रेणूच्या थरथरण्यात आहे.

रेणूतले अणू कधीच स्वस्थ बसत नाहीत. स्प्रिंगने जोडलेल्या गोळ्यांसारखे ते सतत कंप पावत असतात. दुसरीकडे, प्रकाशाचा किरण म्हणजे अवकाशात पुढे सरकणारे आणि झपाट्याने दिशा पालटणारे विद्युतक्षेत्र. या क्षेत्राला एखादा रेणू हलवायचा असेल, तर त्या रेणूच्या धन आणि ऋण भारांमध्ये काहीतरी खालीवर होत असावे लागते. धन भाराचे केंद्र एकीकडे आणि ऋण भाराचे केंद्र दुसरीकडे सरकले, की भार आणि त्यांमधले अंतर यांच्या गुणाकाराला आपण द्विध्रुव आघूर्ण म्हणतो. कंपनाबरोबर हे आघूर्ण बदलत असेल, तरच किरणाला रेणूवर पकड मिळते. नायट्रोजनच्या रेणूत दोन अणू अगदी सारखे असतात. ते जवळ आले काय किंवा दूर गेले काय, कोणतेही टोक दुसऱ्यापेक्षा अधिक धन किंवा अधिक ऋण होत नाही. ऑक्सिजनचेही तसेच.

आता कार्बन डायऑक्साइडकडे वळू. याच्या मधोमध कार्बन आणि दोन बाजूंना एका सरळ रेषेत दोन ऑक्सिजन असतात. ऑक्सिजन इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो, त्यामुळे तो थोडा ऋण आणि कार्बन थोडा धन असतो. पण दोन्हीकडची ओढ सारखीच असल्याने एकूण आघूर्ण शून्य येते. वर्गात हा मुद्दा आला की कोणीतरी हमखास विचारते, "सर, आघूर्ण शून्य आहे, तर हा रेणू किरण शोषतो कसा?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर असे, की स्थिर रेणूचे आघूर्ण किती आहे याला इथे महत्त्व नाही. कंपन चालू असताना ते बदलते की नाही, एवढेच पाहायचे.

रेडिओवर आकृती काढता येत नाही, म्हणून आपले हात वापरू. दोन्ही हात खांद्यांच्या रेषेत बाजूला पसरा आणि मुठी वळा. छाती म्हणजे कार्बन, मुठी म्हणजे दोन ऑक्सिजन. दोन्ही मुठी एकदम आत घ्या, एकदम बाहेर न्या. ऋण भाराचे केंद्र सतत छातीपाशीच राहिले, म्हणजे आघूर्ण सुरुवातीपासून शेवटपर्यंत शून्यच. हे कंपन अवरक्त किरणांना दिसतच नाही. ते पाहायचे तर रामन परिणामाचा, म्हणजे रेणूवरून विखुरताना प्रकाशाची तरंगलांबी बदलण्याचा, आधार घ्यावा लागतो. आता डावी मूठ छातीकडे आणा आणि त्याच वेळी उजवी बाहेर न्या, मग उलट करा. ऋण भार एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे झुकला. हे कंपन किरण शोषते. शेवटी, गुडघ्यांतून जरा उठत छाती वर घ्या आणि दोन्ही मुठी खाली न्या, मग छाती खाली आणि मुठी वर. रेणू वाकला, धन भार वर, ऋण भार खाली, आणि पुढच्या क्षणी त्याच्या उलट. हेच वाकणे वरखाली होते तसे पुढेमागेही होऊ शकते. खरा रेणू हा व्यायाम सेकंदाला सुमारे २० लाख कोटी वेळा करतो.

या वाकण्याशी जुळणाऱ्या किरणाची तरंगलांबी १५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे १५ हजारांश भाग, आहे, तर मुठी उजवी-डावीकडे नेण्याच्या कंपनाची ४.२६ मायक्रॉन. प्रयोगशाळेत हे दुसरे शोषण फार जोरदार दिसते. परंतु १५ अंश सेल्सियसच्या आसपास असलेली जमीन ४ मायक्रॉनपाशी फारच थोडी ऊर्जा सोडते. तिचा भर १० मायक्रॉनच्या आजूबाजूला असतो आणि १५ मायक्रॉनपाशीही तो भरपूर असतो. म्हणून हवा तापण्याच्या हिशेबात वाकण्याचे वजन मोठे. कार्बन मोनॉक्साइडला तर कायमचे आघूर्ण आहे, तरीही त्याचे कंपन ४.७ मायक्रॉनला येत असल्याने थेट हरितगृह वायू म्हणून तो किरकोळ ठरतो.

रेणूने किरण गिळला, पुढे काय? अनेक ठिकाणी सांगितले जाते, की तोच रेणू थोड्या वेळाने तोच किरण परत सोडतो. जमिनीलगतच्या हवेत सहसा असे घडत नाही. वाकू लागलेल्या रेणूला एकटे सोडले, तर किरण सोडायला त्याला सरासरीने अर्ध्या सेकंदाहून अधिक काळ लागेल. पण तेवढी सवड त्याला देतो कोण? दर सेकंदाला शेजारच्या रेणूंशी त्याच्या काहीशे कोटी टकरा होतात. बहुतेक टकरांत कंपन तसेच राहते, तरीही सेकंदाच्या लाखाव्या भागाच्या आसपासच ती ऊर्जा शेजारच्या नायट्रोजन-ऑक्सिजनच्या धावण्यात मिसळून जाते. हवा तापते ती अशी. उलट बाजूने, याच टकरांमुळे १५ अंश तापमानाला १०० पैकी ६-७ रेणू कायम वाकण्याच्या अवस्थेत असतात आणि त्यांतले काही मोजके टकरीत ऊर्जा गमावण्याआधी किरण सोडतात. हवा जितकी थंड, तितके असे रेणू कमी आणि सुटणारे किरणही कमी.

याची खूण १९७० मध्ये निंबस-४ या उपग्रहाने वरून टिपलेल्या वर्णपटात, म्हणजे कोणत्या तरंगलांबीला किती किरण आले याच्या आलेखात, स्पष्ट दिसते. सहारा वाळवंटावरून घेतलेल्या नोंदीत, हवा जिथे फारसे शोषत नाही त्या तरंगलांबींना, तापलेल्या वाळूचे तापमान वाचता येते. पण १५ मायक्रॉनच्या दोन्ही बाजूंना आलेख एकदम खोल खड्ड्यात उतरतो आणि तिथले तापमान शून्याखाली ५० अंशांच्या आसपास भरते, कारण त्या तरंगलांबींचे किरण वाळूपासून अवकाशात पोचतच नाहीत. उपग्रहाला दिसतात ते उंचावरच्या थंड हवेतल्या वाकणाऱ्या रेणूंनी सोडलेले. आणि त्या खड्ड्याच्या बरोबर मध्यावर एक बारीकसा उंचवटा आहे. पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो उपकरणाचा दोष वाटावा. तिथे शोषण इतके तीव्र असते, की बाहेर सुटणारा किरण स्थितांबराच्या, म्हणजे ढगांच्या थराहून वरच्या वातावरणाच्या, वरच्या भागातूनच येऊ शकतो, आणि तिथे ओझोन सूर्याची अतिनील किरणे शोषत असल्यामुळे उंचीबरोबर हवा पुन्हा उबदार होत जाते.