रिकामी चौकट म्हणजे उणीव नव्हे

(रत्नागिरीत संशोधक विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

कोकणच्या किनारारेषेत होणारे बदल मोजण्याच्या पद्धतींवर आढावा लेख लिहायचा, असं धरून चालू. बहुतेकांचा पहिला तक्ता लेखक, वर्ष, ठिकाण, निष्कर्ष असा असतो. ती नुसती यादी झाली. वर्गीकरणाच्या तक्त्यात ओळ पद्धतीची असते आणि शोधनिबंध चौकटींत जाऊन बसतात.

मग निकष. 'उपग्रह' आणि 'स्वयंचलित' हे दोन गट एकाच स्तंभात घातलेत, तर सेंटिनेल-२ या उपग्रहाच्या चित्रांवरून संगणकाने काढलेली रेषा दोन्हीकडे बसेल. माहिती कुठून घेतली हा एक प्रश्न, रेषा कशी काढली हा दुसरा. म्हणून स्तंभही दोन.

तिसरा निकष भरतीचा, आणि आपल्याकडे तो टाळता येत नाही. उतार पन्नासास एक असलेल्या पुळणीवर पाण्याची पातळी दोन मीटरने बदलली, तर पाण्याची कड शंभर मीटर सरकते. सेंटिनेल-२ च्या चित्रात एक ठिपका दहा मीटरचा असतो, म्हणजे हे दहा ठिपके झाले. दोन वर्षांची चित्रं वेगवेगळ्या भरतीची असतील, तर किनारा न हलताही धूप दिसेल. त्यामुळे या स्तंभात 'दुरुस्ती केली', 'केली नाही' आणि 'सांगितलेलं नाही' अशा तीन नोंदी ठेवा. शेवटच्या दोन एकत्र केल्यात तर लेखकावर अन्याय होतो, शिवाय नोंदच न ठेवण्याची सवय वाचकाला दिसत नाही.

आता पद्धत आणि ऋतू एकमेकांसमोर मांडा. साध्या प्रकाशातली उपग्रहचित्रं आणि जून ते सप्टेंबर, ही चौकट जवळजवळ रिकामी राहील. संशोधनातली उणीव सापडली म्हणून हुरळून जाऊ नका. ढगांमुळे चित्रच मिळत नाही; ही साधनाची मर्यादा आहे, संशोधकांचं दुर्लक्ष नव्हे. तिथे रेघ मारा आणि तळटीपेत कारण द्या.

शेजारची चौकट रडारची. रडारला ढग आडवे येत नाहीत, आणि पावसाळ्यात खचणारी पुळण पुढे पुन्हा भरते, म्हणजे मधली स्थिती मोजण्यात अर्थ आहे. ही चौकट रिकामी दिसली, तर आधी स्वतःच्या शोधावर संशय घ्या. 'किनारारेषा' एवढाच शब्द टाकून शोधलं असेल, तर पूररेषा किंवा खाडीवरचे रडारचे निबंध निसटलेले असतात. त्या शब्दांनी पुन्हा शोधा. तरीही काही सापडलं नाही, तरच तिला उणीव म्हणा.

तेव्हाही अडचण लिहा: वाऱ्याने खवळलेलं पाणी रडारला उजळ दिसतं आणि वाळूपासून वेगळं काढणं अवघड जातं. 'अधिक संशोधनाची गरज आहे' हे वाक्य परीक्षक वाचतसुद्धा नाहीत. त्याऐवजी लिहा: 'या शब्दांनी, या तारखेपर्यंत केलेल्या शोधात पावसाळ्यातल्या पुळणीची रडारने काढलेली आणि जागेवर जाऊन पडताळलेली रेषा आढळली नाही.'